सहा वर्षांच्या मुलासाठी चार ओळी

शिरूर घोडनदीच्या काठी, तर आगगाड्यांचे जंक्शन असलेले दौंड भीमेच्या काठी वसले आहे. तेथील सहा वर्षांच्या मुलाने शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणावयाची कविता त्याच्या नित्य परिचयाच्या आवाजांतूनच घडविता येते :

घोडनदीचे पाणी खळखळ,
शेतामधुनी वारा सळसळ;
भीमेकाठी गाडी धडधड,
शिट्टी वाजे, चढ रे चढचढ!

प्रत्येक ओळीत 16 मात्रा आहेत. चार-चार मात्रांवर एक टाळी पडते : घोडन – दीचे – पाणी – खळखळ. ‘शिट्टी’ऐवजी ‘शिटी’ म्हटले, की एक मात्रा उणी होऊन टाळी चुकते.

म्हणून प्रथम नुसत्या टाळ्यांवर पाठांतर व्हावे, मग हावभाव. ओळीच्या आरंभी हात स्थिर असावेत. अभिनय यावा तो शेवटच्या शब्दावर. खळखळीला तळहाताची लाट, सळसळीला उंचावलेल्या हातांचा डोल, धडधडीला कोपरांची चाके आणि ‘चढचढ’ला जागच्या जागी दोन पावले. पहिल्याच शब्दाला हात उचलला, तर मूल हाताकडे पाहू लागते, मान खाली जाते आणि मागच्या रांगेला शब्द ऐकू येत नाहीत. असे होताना दिसले, तर तो हावभाव गाळावा. ओळ मात्र तशीच ठेवावी.