आठ रुग्णांचं वजन

डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावर आहे. ही लस क्षयरोगापासून किती वाचवते, या प्रश्नावर १९९४ साली ग्रॅहॅम कोल्डिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे जुने प्रयोग गोळा करून एक मेटा-ॲनालिसिस प्रसिद्ध केलं. त्यातल्या तेरा प्रयोगांचा तक्ता आज ही विद्या शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून जातो. मी तो पहिल्यांदा ओळ न् ओळ स्वतः मांडला, तेव्हा एका रकान्यापाशी माझा हात थांबला. तो रकाना वजनाचा.

आधी एक ओळ तयार करू. ॲरनसन यांच्या १९४८च्या प्रयोगात लस दिलेल्या १२३ जणांपैकी ४ जणांना क्षयरोग झाला आणि लस न दिलेल्या १३९ जणांपैकी ११ जणांना. म्हणजे जोखीम एकीकडे सव्वातीन टक्के, दुसरीकडे जवळपास आठ टक्के. पहिलीला दुसरीने भागलं की ०.४१ येतात. हे झालं जोखीम गुणोत्तर, म्हणजे परिणामाचं माप. १ आलं तर लसीने काहीच फरक पडला नाही. जितकं १च्या खाली, तितकं संरक्षण जास्त.

पण हा आकडा किती डळमळीत आहे, तेही सांगावं लागतं. त्यासाठी गुणोत्तराचा लॉग घेतात आणि त्या लॉगचा प्रसरणांक, म्हणजे व्हेरियन्स, काढतात. त्याचं सूत्र इतकं साधं आहे की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही:

```
1/4 + 1/11 - 1/123 - 1/139 = 0.3256
```

या बेरजेत कोण काय घालतं ते बघा. चार रुग्णांमुळे एकट्याने ०.२५ येतात, अकरा रुग्णांमुळे आणखी ०.०९ येतात. १२३ आणि १३९ ही माणसांची संख्या मात्र जेमतेम दीड शतांश वजा करते. सगळी अनिश्चितता रुग्णांच्या संख्येतून आली, माणसांच्या संख्येतून जवळजवळ काहीच नाही. या ०.३२५६चं वर्गमूळ घेऊन १.९६ने गुणलं आणि लॉगच्या दोन्ही बाजूंना तितकं अंतर मोजून परत साध्या आकड्यांत आलं, की ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल मिळतो: ०.१३ ते १.२६. आणि १ला ०.३२५६ने भागलं की वजन मिळतं, साधारण ३.१.

आता अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या शाळकरी मुलांवरचा कॉमस्टॉक आणि वेबस्टर यांचा प्रयोग घ्या. त्यात दोन्ही गट मिळून ४,८३९ मुलं होती, पण रुग्ण निघाले फक्त आठ: पाच लस घेतलेले, तीन न घेतलेले. त्याचं वजन येतं १.९. जवळजवळ पाच हजार मुलांचा हा प्रयोग २६२ माणसांच्या प्रयोगापेक्षा हलका भरतो! ज्यांना आजार झालाच नाही, ती हजारो मुलं लस प्रभावी आहे की नाही याबद्दल जवळजवळ मुकी असतात. बोलतात ते आठ रुग्ण. ही गोष्ट कळल्यापासून कुठल्याही बातमीत 'इतक्या हजार लोकांवर चाचणी' असं वाचलं की माझी नजर रुग्ण किती हे शोधते.

तक्त्यातल्या पाच ओळी अशा दिसतात:

| प्रयोग | अक्षांश | जोखीम गुणोत्तर | ९५% इंटरव्हल | वजन % (क) | वजन % (ख) |
|---|---|---|---|---|---|
| फर्ग्युसन व सिम्स १९४९ | ५५ | ०.२० | ०.०९–०.४९ | ०.८ | ६.४ |
| हार्ट व सदरलँड १९७७ | ५२ | ०.२४ | ०.१८–०.३१ | ८.२ | ९.७ |
| ॲरनसन १९४८ | ४४ | ०.४१ | ०.१३–१.२६ | ०.५ | ५.१ |
| कॉमस्टॉक व वेबस्टर १९६९ | ३३ | १.५६ | ०.३७–६.५३ | ०.३ | ३.८ |
| मद्रास १९८० | १३ | १.०१ | ०.८९–१.१४ | ४१.४ | १०.२ |

मांडताना चुका होतात त्या बहुतेक उतरवून घेताना. लसीच्या अहवालांत पुष्कळदा गुणोत्तर नसतं, 'संरक्षण ७६ टक्के' असं असतं. ते ०.२४ म्हणून लिहायचं सोडून कुणी ०.७६ लिहिलं, की हार्ट आणि सदरलँड यांच्या ब्रिटनमधल्या प्रयोगातली जोरदार लस तक्त्यात लेचीपेची होऊन बसते. हे पकडायला मी इंटरव्हलची दोन टोकं गुणून वर्गमूळ काढतो. ते मधल्या आकड्याच्या अगदी जवळ यायला हवं, कारण लॉगच्या पट्टीवर मधला आकडा बरोबर मध्यावर असतो. ॲरनसनच्या ओळीत ०.१३ गुणिले १.२६चं वर्गमूळ ०.४०५ येतं. दोन दशांश स्थळांवर छापलेल्या टोकांसाठी हे चोख आहे. जिथे हे जुळत नाही तिथे मूळ लेख पुन्हा उघडायचा.

वजनाचे रकाने दोन का? पहिला, क, असं धरून चालतो की तेराही प्रयोग एकच खरं उत्तर मोजताहेत आणि फरक फक्त नशिबाचा आहे. तसं धरलं तर मद्रासजवळच्या चेंगलपट्टूचा प्रयोग, प्रत्येक गटात ८८,३९१ माणसं आणि दोन्हीकडे पाचशेच्या आसपास रुग्ण असलेला, एकटाच ४१ टक्के बोलतो. सगळ्यांचं मिळून उत्तर येतं ०.६५. दुसरा रकाना, ख, असं मानतो की जागोजागी खरं उत्तरच वेगळं असू शकतं. ते वेगळेपण आकड्यांतून मोजता येतं, इथे ते ०.३१३ निघतं, आणि तेवढं प्रत्येक ओळीच्या प्रसरणांकात मिळवतात. मद्रासचे ०.००४ त्यामुळे ०.३१७ होतात, ॲरनसनचे ०.३२६ होतात ०.६३९. आधी मद्रासचं वजन ॲरनसनच्या ब्याऐंशी पट होतं, आता जेमतेम दुप्पट. एकत्रित उत्तर सरकून ०.४९ वर येतं, इंटरव्हल ०.३४ ते ०.७०. एकही रुग्ण बदलला नाही, फक्त जगाबद्दलचं एक गृहीतक बदललं.

इथे ख हाच रकाना योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनचा इंटरव्हल ०.३१ला संपतो आणि मद्रासचा ०.८९ला सुरू होतो. मधे एवढी मोकळी जागा नशिबाने पडत नाही. पण मग ०.४९ हा आकडा तरी कुणाचा? त्यामुळे ओळींचा क्रम मला वजनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. वर्षानुसार लावल्या तर गोंधळ दिसतो. वर लावल्यात तशा अक्षांशाने लावल्या तर वरच्या थंड प्रदेशांत छोटी गुणोत्तरं आणि विषुववृत्ताकडे येताना १च्या जवळची, असा उतार डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रयोगांमधल्या त्या वेगळेपणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकट्या अक्षांशाने उलगडतो.

तरी अक्षांश म्हणजे कारण नव्हे. उष्ण प्रदेशातल्या मातीपाण्यात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद जास्त असतात आणि त्यांच्याशी आधीच ओळख झालेल्या शरीरात लस फारशी भर घालत नसावी, अशी एक मांडणी आहे. २०१४च्या एका आढाव्यात असं दिसलं की नवजात बाळांना, किंवा ट्युबरक्युलिन चाचणीने काटेकोर पारखून घेतलेल्या मुलांना लस दिली तिथे संरक्षण चांगलं मिळालं. आपल्याकडे बाळाला जन्मानंतर लगेच बीसीजी देतात ती मुख्यतः लहानपणीच्या क्षयाच्या मेंदुज्वरासारख्या जीवघेण्या रूपांपासून वाचवण्यासाठी. तो प्रश्न या तक्त्यातल्या आकड्यांचा नाही.

आणि उताराला न जुमानणारी एक ओळही या तेरांत आहे. हैतीतला व्हँडिव्हिएर यांचा प्रयोग, रुग्ण अवघे अठरा, अक्षांश १९, म्हणजे मुंबईचाच. गुणोत्तर ०.२०, थेट कॅनडातल्या फर्ग्युसन आणि सिम्स यांच्या प्रयोगाइतकं.