कॉपी केस झाली, पुढे काय? चिठ्ठीपासून शिक्षेपर्यंतचा प्रवास

आजच्या भागाचा विषय म्हणजे कॉपी केस. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणून केस वाशिमच्या केंद्रावर झाली तरी निर्णय कॉलेज देत नाही, तो विद्यापीठातून येतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बीएच्या तिसऱ्या सेमिस्टरचा एक विद्यार्थी. अर्थशास्त्राचा पेपर. भरारी पथक आलं आणि त्याच्या खिशात चिठ्ठी सापडली. तो म्हणतो, "सर, मी यातलं काहीच लिहिलं नाही." खरंही असेल. पण परीक्षेशी संबंधित मजकूर जवळ असणं हाच गैरप्रकार धरला जातो. त्यातून उतरवलं असेल तर तो त्याहून मोठा गैरप्रकार. तळहातावर किंवा कपड्यावर लिहिणं, दुसऱ्याची उत्तरपत्रिका घेणं, मोबाईल जवळ ठेवणं, उत्तरपत्रिकेत नोट ठेवणं किंवा स्वतःची ओळख पटेल अशी खूण करणं, पर्यवेक्षकाला धमकावणं, दुसऱ्याच्या नावावर पेपर देणं, हे सगळं याच यादीत येतं. मोबाईल स्विच ऑफ होता, हे उत्तर सहसा चालत नाही.

आता वर्गात काय होतं? पर्यवेक्षक चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतात. चिठ्ठीवर विद्यार्थ्याची सही घेतात आणि त्याचा लेखी जबाब होतो. सही नाकारली तर "सही नाकारली" अशी नोंद होते, केस काही थांबत नाही. मग सहसा नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देतात. त्यामुळे बऱ्याच पोरांना वाटतं, सुटलो! तसं नसतं. दोन्ही उत्तरपत्रिका, चिठ्ठी, जबाब आणि पर्यवेक्षकाचा अहवाल वेगळ्या सीलबंद पाकिटात परीक्षा विभागाकडे जातो आणि निकाल राखून ठेवला जातो.

जबाब लिहिताना घाई करू नका. "माझ्याकडे चिठ्ठी सापडली" आणि "मी चिठ्ठीतून लिहिलं" या दोन वाक्यांत शिक्षेचा फरक पडतो. जे घडलं तेवढंच लिहा. कोणी सांगतं म्हणून न घडलेलं कबूल करू नका, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 48 मध्ये अशा प्रकरणांच्या चौकशीसाठी समितीची तरतूद आहे. समिती विद्यार्थ्याला नोटीस पाठवते, आरोप कळवते आणि बाजू मांडायला बोलावते. साधारणपणे तिथं स्वतःच बोलावं लागतं, वकील चालत नाही. गैरहजर राहिलात तर कागदपत्रांवरूनच निर्णय होऊ शकतो. म्हणून कॉलेजात दिलेला पत्ता आणि मोबाईल नंबर बरोबर ठेवा.

ऐकून घेण्याचा हा हक्क कोणाची मेहेरबानी नाही. उत्तर प्रदेशात 1954 च्या इंटरमिजिएट परीक्षेत पास झालेल्या तीन विद्यार्थ्यांचा निकाल बोर्डानं नंतर रद्द केला, पुढच्या परीक्षेलाही बसू दिलं नाही आणि त्यांची बाजूच ऐकली नाही. 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, शिक्षेआधी बाजू ऐकावीच लागते. पण 1970 च्या बिहारच्या प्रकरणात कोर्टानं वेगळी बाजूही दाखवली. अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्यावर परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून कॉपी केली तर ज्यानं केली नाही तोही भरडला जातो.

शिक्षा पायऱ्यांनी वाढते. मुंबई विद्यापीठाच्या 5050 क्रमांकाच्या अध्यादेशात हे नीट दिसतं. नुसती चिठ्ठी जवळ सापडली, तर त्या परीक्षेतली संपूर्ण कामगिरी रद्द, म्हणजे एक पेपर नाही, सगळेच. त्यातून उतरवलं, तर शिवाय आणखी एका परीक्षेला बंदी. तोतया बसवला, तर बंदी पाच परीक्षांपर्यंत, आणि ती दोघांनाही. आपल्या विद्यापीठाचा तक्ता वेगळा असू शकतो, तो परीक्षा विभागाकडे मागा.

आणि "2024 च्या नव्या कायद्यानं जेल होते" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज? तो केंद्राचा कायदा यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँक भरती आणि एनटीएच्या परीक्षांसाठी आहे आणि पेपर फोडणाऱ्यांवर रोखलेला आहे. तुमच्या सेमिस्टरच्या चिठ्ठीला तो लागू नाही.

आपल्या उदाहरणातल्या पोराचं काय? उत्तरपत्रिकेत चिठ्ठीतला मजकूर नसेल, तर त्यानं समितीसमोर हेच दाखवायचं, दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासा म्हणायचं. तो पूर्ण सुटेलच असं नाही. सेमिस्टर बहुतेक जाईलच, पण पुढची परीक्षा वाचू शकते.