संदर्भयादीत नसलेले अभ्यास

एखाद्या विषयावरचे संशोधन गोळा करून सलग मांडणारा आढावा-लेख किती विश्वासाने वाचावा? सिंथिया मलरो यांनी १९८७ साली हा प्रश्न धसास लावला. वैद्यकातल्या चार नामवंत नियतकालिकांतले ५० आढावे त्यांनी तपासले. अभ्यास कुठे शोधले, कोणते निवडले आणि कसे पारखले, हे स्पष्ट सांगणारा लेख निघाला एकच. निष्कर्ष मात्र बहुतेकांनी नेमके दिले होते.

शोध आणि निवडीची पद्धत न सांगितल्याने काय बिघडते, ते सात वर्षांनी पॉल क्निपशिल्ड यांनी दाखवले. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९८६च्या पुस्तकात क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते असे मांडले होते आणि त्यासाठी बरेच प्रयोग उद्‌धृत केले होते. वाचणाऱ्याला यादी भरगच्च वाटे. क्निपशिल्ड यांनी त्या यादीवर वाद घातला नाही. त्यांनी स्वतंत्र शोध घेतला. ६१ प्रयोग सापडले. ते त्यांनी पद्धतीच्या कसावर लावले, तेव्हा भरवशाचे १५ उरले. त्यांतल्या पाचांचा पॉलिंग यांच्या पुस्तकात उल्लेखच नव्हता. सगळे एकत्र पाहिल्यावर चित्र बदलले: सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आणि सौम्यपणे जाते.

मला यातला क्रम मोलाचा वाटतो. आधी शोध, मग पद्धतीची पारख, निष्कर्ष शेवटी. लेखकाच्याच संदर्भांवरून तपासणी सुरू केली, तर त्याने वगळलेले कधीच दिसत नाही.

पुढे २००९ मध्ये स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी स्नायूंच्या एका आजाराविषयीच्या समजुतीचा माग काढला. मूळ माहिती देणारे दहा शोधनिबंध होते. चार समजुतीच्या बाजूचे, सहा तिला छेद देणारे. तरीही त्या दहांना मिळालेल्या २१४ उल्लेखांपैकी ९४ टक्के बाजूच्या चारांच्याच वाट्याला गेले. आढावे आढाव्यांचा हवाला देत राहिले आणि नवा पुरावा न येताच समजूत पक्की होत गेली.

गाळलेला प्रत्येक निबंध हेतुपुरस्सर गाळलेला असतो, असे नाही. काही उशिरा प्रसिद्ध होतात, काही परक्या भाषेत असतात. म्हणून परीक्षकाने गाळलेल्यांचा कल पाहावा. ते दोन्ही बाजूंचे असतील तर शोध अपुरा पडला आहे; सगळे एकाच बाजूचे असतील तर निवडीबद्दल लेखकाला जाब विचारायलाच हवा. आवडत्या निकालांच्या त्रुटींकडे काणाडोळा आणि नावडत्यांची चिरफाड झाली आहे का, हेही ताडून पाहावे.

आढावा परीक्षणाला आला तर संपादकांना नुसते ‘लेख एकांगी आहे’ असे कळवू नका. कोणते अभ्यास राहिले, त्यांत काय आढळले आणि ते धरल्यावर निष्कर्षाचे कोणते वाक्य बदलावे लागेल, तेवढे नावानिशी लिहा.