बारा ठिपक्यांचं अक्षर

सोसायटीच्या फाटकावरच्या साध्या फुल एचडी कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे 1920 गुणिले 1080, अर्थात 20,73,600 ठिपके. अशा 25 फ्रेम दर सेकंदाला. सगळं जसंच्या तसं साठवायचं तर एकट्या कॅमेऱ्याला दिवसाला 13 हजार जीबीहून जास्त जागा लागेल. डीव्हीआर ते साधारण 22 जीबीत बसवतो. पूर्ण चित्र एक-दोन सेकंदांतून एकदाच ठेवतो, मधे फक्त काय बदललं ते नोंदवतो आणि बारीक तपशील टाकून देतो. टाकलेलं परत येत नाही.

एवढं आवळूनही चार कॅमेरे 1 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरतात. मग सर्वांत जुन्या दिवसावर नवं रेकॉर्डिंग चढू लागतं. पंधरवड्याने पोलीस फुटेज मागायला येतात, तेव्हा ते बहुधा गेलेलं असतं.

समजा वेळेत पाहिलं. धडक देऊन पळालेली मोटार कॅमेऱ्यापासून 15 मीटरवर आहे. 90 अंशांच्या लेन्सला तिथे 30 मीटर रुंदी दिसते, म्हणजे मीटरला 64 ठिपके. अर्ध्या मीटरच्या नंबरप्लेटला 32. त्यात दहा अक्षरं-आकडे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीत तीन आणि उंचीत चार. वीस लाखांतले बारा! त्यात 8 आणि B वेगळे ओळखणं जवळपास अशक्य. शिवाय रात्री शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडं राहिलं, तर ताशी 60 किलोमीटरची गाडी तेवढ्यात 67 सेंटीमीटर सरकते, प्लेटच्या लांबीहून जास्त.

हे चित्र चौपट मोठं केलं की बाराचे 192 ठिपके होतात, पण त्यातले 180 संगणकाने अंदाजाने भरलेले. एआयचं ॲप तर रेखीव अक्षर काढून देतं, आणि मला भीती त्या रेखीवपणाचीच वाटते: ते अक्षर त्याने पूर्वी पाहिलेल्या इतर प्लेटांवरून आलेलं असतं. भलत्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहू शकतात. उजेड वाढवणं, किंवा गाडी हळू असेल तर अनेक फ्रेम एकावर एक जुळवणं, हे रास्त आहे. तेही प्रतीवर, आणि काय केलं ते लिहून ठेवून.

मूळ फाइल डीव्हीआरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, त्याच्या प्लेअरसह पेनड्राइव्हवर घ्यावी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा आवळली जाते. मग लगेच हॅश काढावा:

```
certutil -hashfile clip.dav SHA256
```

उत्तरात 64 चिन्हं येतात. अशी शक्य उत्तरं किती, तो आकडा 78 अंकी आहे. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पार बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.

घड्याळही तपासावं. डीव्हीआर तीन मिनिटं पुढे असेल, तर तेवढ्यात ती मोटार तीन किलोमीटर दूर पोचलेली असते. म्हणून फुटेज घेतानाच डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत टिपून ठेवावी.