धनादेशाची अदायगी थांबविताना

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांपासून बँकेची शाखा दूर असते. पुराच्या दिवसांत भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेने वाट अडविल्याचा अनुभवही नवा नाही. अशा गावातील ग्रामपंचायतीचा अथवा ग्रामसभेचा धनादेश हरवला, तर अदायगी थांबविण्याची सूचना वेळेवर शाखेत पोहोचविणे हाच निधी वाचविण्याचा मार्ग असतो. ही सूचना कशी द्यावी आणि ती कोठे निरुपयोगी ठरते, हे संबंधितांनी जाणून घेणे इष्ट होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, एटापल्ली तालुक्यातील एका ग्रामपंचायतीची पिशवी एस. टी. प्रवासात हरवली. तीत चार धनादेश होते. एक साहित्य पुरवठादाराच्या नावे 42,500 रुपयांचा होता. उरलेले तीन कोरे असून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोघांनी त्यांवर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. खरा धोका या कोऱ्या धनादेशांचा आहे. धनादेशाची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिने असते. कोऱ्या धनादेशावर तारीखच नसल्याने तो आपोआप बाद होत नाही. ज्याच्या हाती पडेल तो हवी ती तारीख व रक्कम लिहू शकतो.

अशा वेळी प्रथम शाखेला दूरध्वनी करावा, परंतु तेवढ्यावर विसंबून राहू नये. लेखी अर्ज त्याच दिवशी द्यावा. अर्जात खाते क्रमांक, धनादेशांचे सहा अंकी क्रमांक, भरलेल्या धनादेशाची तारीख, रक्कम व ज्याच्या नावे तो दिला त्याचे नाव, आणि कारण नमूद करावे. क्रमांक स्थळप्रतीवरून पाहून लिहावा. एक अंक चुकला तर भलताच धनादेश अडतो आणि हरवलेला वटतो. अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि वेळ घेण्यास विसरू नये. पुढे वाद झाल्यास सूचना आधी मिळाली की पैसे आधी गेले, याचा निर्णय त्या वेळेवरून होतो. पैसे काढण्यास दोन सह्या लागत असल्या, तरी अदायगी थांबविण्यास सर्वसाधारण बँक-प्रथेनुसार एकाची सही पुरते. मात्र ती सूचना मागे घेण्यास दोघांच्याही सह्या लागतात.

शुल्क प्रत्येक बँक स्वतः ठरविते. ते दर धनादेशास 100 रुपये धरले, तर चार धनादेशांचे 400 रुपये आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कराचे 72 रुपये, असे 472 रुपये होतात. क्रमाने असलेल्या अनेक धनादेशांसाठी काही बँकांत कमाल मर्यादा असते. ती विचारून घ्यावी. ही रक्कम खात्यातून परस्पर वजा होते, म्हणून रोकडवहीत तिची नोंद करावी.

आता मर्यादा पाहू. पैसे दिले गेल्यानंतर आलेली सूचना व्यर्थ असते. वाहक धनादेश खिडकीवर काही मिनिटांत वटतो. रेखांकित धनादेशाला पूर्वी समाशोधनात एक-दोन दिवस लागत. 4 ऑक्टोबर 2025 पासून सुरू झालेल्या सलग समाशोधनामुळे तो सामान्यतः जमा केल्याच दिवशी वटतो. त्यामुळे उद्या शाखेत जाऊ, हा विचार आता महाग पडू शकतो. उलट सूचना वेळेवर मिळूनही बँकेने पैसे दिले, तर ते खात्यात परत जमा करण्याची जबाबदारी बँकेवर येते. बँकेचा धनाकर्ष मात्र खरेदीदाराला अशा सूचनेने थांबविता येत नाही, कारण तो बँकेने स्वतः दिलेला शब्द असतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. या सूचनेने बँक थांबते, देणे थांबत नाही. पुरवठादाराने माल दिला असेल आणि केवळ पैसे लांबविण्यासाठी धनादेश अडविला असेल, तर परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 खाली फौजदारी कारवाई होऊ शकते. सूचना देऊन धनादेश परत गेला तरी हे कलम लागू होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली मोदी सिमेंट प्रकरणात स्पष्ट केले. देणेच नव्हते, किंवा खात्यात पुरेशी रक्कम असून अदायगी थांबविण्यास रास्त कारण होते, हे दाखवून देण्याचा भार धनादेश देणाऱ्यावर असतो. म्हणून माल सदोष निघाल्यास तो वटण्यापूर्वीच पुरवठादारास लेखी कळवून मग सूचना द्यावी. त्याची कायदेशीर नोटीस आल्यास, देणे खरे असेल तर, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम चुकती करावी.

वरील उदाहरणात पुरवठादाराचे देणे खरे होते. तेव्हा जुना धनादेश वटला नाही, याची बँकेकडून लेखी खात्री करून घेऊन मगच त्यास नवा धनादेश द्यावा. कोऱ्या धनादेशांवर मात्र आगाऊ सह्याच केल्या नसत्या, तर तीन धनादेशांची चिंता मुळातच उरली नसती.