नोकरी सोडली, पण खातं बंद झालं का?

पुण्यातल्या एखाद्या साठ-सत्तर जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीला अमेरिकेतलं मोठं गिऱ्हाईक मिळायची वेळ येते, तेव्हा समोरून हमखास एक मागणी येते: तुमचा ‘सॉक टू टाइप टू’ अहवाल पाठवा. अमेरिकेतल्या सीपीए मंडळींच्या संस्थेने, म्हणजे एआयसीपीएने, घालून दिलेल्या निकषांवर बाहेरचा ऑडिटर ही तपासणी करतो. ‘टाइप वन’मध्ये एका ठरावीक तारखेला व्यवस्था कशी आहे ते पाहतात. ‘टाइप टू’मध्ये ती काही महिने, पुष्कळदा सहा किंवा बारा, खरोखर चालली का ते पाहतात. या तपासणीत ज्याच्यावर हटकून बोट ठेवलं जातं तो विषय म्हणजे अ‍ॅक्सेस: कोणाला कशात शिरता येतं, ती परवानगी कोणी दिली आणि माणूस कंपनी सोडून गेल्यावर ती कधी काढली.

यातला शेवटचा प्रश्न दिसायला सर्वांत सोपा आहे, आणि बहुतेक कंपन्या तिथेच अडकतात. म्हणून तोच धरून पुढे जाऊ.

धोरण लिहायला बसलं की कोणीतरी इंटरनेटवरून तयार नमुना उतरवतो. त्यात एक वाक्य असतं: ‘कर्मचाऱ्याने नोकरी सोडताच त्याचे सर्व अ‍ॅक्सेस तत्काळ काढले जातील.’ वाचायला छान वाटतं, पण ते तपासायचं कसं? ‘तत्काळ’ म्हणजे तासाभरात की आठवड्याभरात? ‘नोकरी सोडताच’ म्हणजे राजीनामा दिला तो दिवस की कामाचा शेवटचा दिवस? आणि ‘सर्व’ची यादी कोणाकडे आहे? हे वाक्य जसंच्या तसं राहिलं तर ऑडिटर त्याचा अर्थ तुम्हालाच विचारेल आणि तुम्ही सांगाल त्या अर्थावर तुम्हाला तपासेल. सॉक टूमध्ये किती तासांत अ‍ॅक्सेस काढायचा याचा आकडा दिलेला नाही. तो आकडा तुम्ही स्वतः लिहिता आणि मग त्याला बांधील होता.

त्यामुळे ते वाक्य असं लिहिलेलं बरं: ‘कामाच्या शेवटच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात, परिशिष्टात नोंदवलेल्या प्रत्येक प्रणालीतलं खातं आयटी विभाग बंद करेल. एचआरने उघडलेल्या तिकिटावर त्याची नोंद राहील.’ आता मुदत ठरली, जबाबदार विभाग ठरला, व्याप्ती ठरली आणि पुरावा कुठे सापडेल तेही ठरलं. माझा आग्रह असा, की धोरणातलं प्रत्येक वाक्य लिहिताना त्याचा पुरावा रोजच्या कामातून आपोआप कसा तयार होईल हे आधी ठरवावं. तसा पुरावा तयार होणार नसेल तर वाक्य बदलावं. कडक वाटावं म्हणून ‘चार तासांत’ लिहायचं आणि प्रत्यक्षात दोन दिवस लावायचे, यात कंपनी स्वतःच्याच कागदावर नापास होते.

आता एक उदाहरण मांडून पाहू. तपासणीचा काळ १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. ऑडिटर आधी या काळात सोडून गेलेल्यांची पूर्ण यादी मागतो. ती हाताने टाइप केलेली एक्सेल चालत नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमधून थेट काढलेली यादी लागते आणि ती काढताना कोणती तारीख, कोणता फिल्टर लावला तेही पडद्यावर दिसावं लागतं, कारण यादीत एखादं नाव गाळलेलं नाही याची खात्री त्याला हवी असते. समजा नऊ नावं निघाली आणि त्यातली तीन त्याने निवडली. निवड तो करतो, तुम्ही नाही. काही ऑडिटर उलट दिशेनेही जातात: प्रणालीतल्या चालू खात्यांची यादी घेऊन ती एचआरच्या नोंदींशी ताडून पाहतात.

निवडलेल्या तिघांपैकी एक डेव्हलपर, शेवटचा दिवस शुक्रवार, १४ जून. तिकीट त्याच दिवशीचं, ईमेल संध्याकाळी सहाला बंद. ईमेलच्या लॉगिनवर चालणाऱ्या बाकीच्या प्रणाल्याही त्यासोबत बंद झाल्या. पण या डेव्हलपरने एडब्ल्यूएसवर स्क्रिप्ट चालवण्यासाठी एक अ‍ॅक्सेस की बनवून घेतलेली होती. ही की ईमेलच्या लॉगिनवर अवलंबून नसते. ईमेल बंद झाला तरी ती चालूच राहते आणि ती ज्याच्या लॅपटॉपवर असेल त्याला घरबसल्या आत शिरता येतं. परिशिष्टात ‘एडब्ल्यूएस’ असा एकच शब्द होता, कींचा उल्लेख नव्हता. म्हणून ती कोणाच्या लक्षात आली नाही.

ती सापडली ५ जुलैला, तिमाही आढाव्यात. अशा आढाव्यासाठी एडब्ल्यूएस स्वतःच एक अहवाल देतं:

```
aws iam generate-credential-report
aws iam get-credential-report --query Content --output text | base64 --decode
```

त्यात प्रत्येक खात्याची एक ओळ असते. `access_key_1_active` या रकान्यात की चालू आहे का ते कळतं आणि `access_key_1_last_used_date` मध्ये ती शेवटची कधी वापरली ते. आपल्या उदाहरणात पहिल्यात `true` होतं आणि दुसऱ्यात १२ जून.

इथे घाईने की पुसून टाकण्याचा मोह होतो. की पुसली की पुढच्या अहवालात तिची माहिती राहत नाही, आणि ‘शेवटचा वापर १२ जूनला, म्हणजे माणूस नोकरीत असतानाच’ हा तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तिच्यासोबत जातो. म्हणून आधी अहवाल जपून ठेवायचा, मग लगेच की निष्क्रिय करायची, आणि पुसायचं काम नंतर. निष्क्रिय केल्याची `UpdateAccessKey` ही नोंद क्लाउडट्रेलमध्ये उमटते. तिथल्या इव्हेंट हिस्टरीत मात्र मागचे ९० दिवसच दिसतात. ५ जुलैची नोंद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथून जाते आणि ऑडिटर नोव्हेंबरमध्ये आला तर दाखवायला काही उरत नाही. लॉग कायमस्वरूपी साठवायची सोय आधी केलेली नसेल, तर ती नोंद त्याच दिवशी उतरवून तिकिटाला जोडणं हाच उपाय.

वेळेचंही भान ठेवावं लागतं. या नोंदी यूटीसीत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नोंदीत १४ तारखेचे १९:१० दिसले तर इथे मध्यरात्र उलटून १५ तारखेचे १२:४० झालेले असतात. मुदत दिवसांत मोजत असाल तर कोणत्या घड्याळाने मोजता ते धोरणातच लिहून ठेवावं.

आढाव्याच्या पुराव्यात प्रत्येक ओळीपुढे ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ असा निर्णय, तो घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लागते. स्वतःच्या खात्यावर स्वतःच ‘ठेवा’ लिहिलेलं चालत नाही. आणि ‘काढा’ म्हटलेलं खातं खरंच निघालं याची वेगळी नोंद लागते. ती बऱ्याच ठिकाणी राहूनच जाते.

मग या डेव्हलपरचं काय? मुदत सोमवार, १७ जूनला संपली होती आणि की ५ जुलैपर्यंत चालू होती. ऑडिटर हा अपवाद म्हणून नोंदवणारच, आणि तो नोंदवू द्यावा. मागची तारीख टाकून तिकीट रंगवलं तर तिकिटाच्या प्रणालीत ते नेमकं कधी बनलं हे दिसतं. मग एका चुकीच्या जागी कंपनीच्या सगळ्याच कागदांवर संशय येतो. एका अपवादाने अहवाल सहसा बुडत नाही. तपासणीच्या निष्कर्षांसोबत कंपनीचं उत्तरही छापलं जातं आणि त्यात या कंपनीला खरं तेच लिहिता येईल: की आमच्याच तिमाही आढाव्यात सापडली, नोकरी सुटल्यानंतर ती वापरली गेली नव्हती, आणि ५ जुलैपासून परिशिष्टात अ‍ॅक्सेस कींची स्वतंत्र ओळ घातली आहे.