स्क्रीनशॉट जोडलाय, पण समितीला तो तपासता येईल का?

बारावीचा निकाल आधी ऑनलाइन लागतो आणि छापील गुणपत्रिका नंतर कॉलेजमधून मिळते. मधल्या दिवसांत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल तर बरेचजण निकालाचा आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा स्क्रीनशॉट जोडतात. 2025 च्या निकालानंतर माझ्या मामेबहिणीनेही तेच केलं. अर्ज पाठवायच्या आधी तिने मला दाखवला, म्हणून दोन चुका वेळेत सापडल्या.

आधी स्क्रीनशॉटची मर्यादा समजून घेऊ. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या ऑनलाइन दाखल्यावर डिजिटल सही असते. ही सही म्हणजे नुसतं चित्र नाही. पीडीएफ फाइलमधल्या मजकुरावरून गणित करून ती तयार होते, त्यामुळे फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी सही तपासताना ते कळतं. स्क्रीनशॉट काढला की हे गणित मागेच राहतं आणि आपल्या हातात उरतो फक्त सहीचा फोटो. तो फोटो कुठल्याही एडिटिंग अॅपमध्ये बदलता येतो, हे समितीलाही माहीत असतं.

मग स्क्रीनशॉटचा उपयोग काय? तो मूळ नोंदीकडे बोट दाखवतो. निकालावरचा बैठक क्रमांक आणि दाखल्यावरचा बारकोड क्रमांक वापरून समिती मूळ नोंद स्वतः पाहू शकते. दाखल्याचा क्रमांक 'आपले सरकार' पोर्टलवर टाकून पडताळता येतो. म्हणून हे दोन्ही क्रमांक अर्जाच्या पत्रात टाइप करून लिहायचे. फोटोतले बारीक आकडे वाचायची वेळ समितीवर आणायची नाही.

आता बहिणीचा अर्ज बघू. एका ट्रस्टच्या अटी दोन होत्या: बारावीला एकूण किमान 75 टक्के आणि मागच्या आर्थिक वर्षात कुटुंबाचं उत्पन्न 2,50,000 रुपयांपेक्षा कमी. तिने पत्रात 83 टक्के लिहिले होते. फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे मिळून 300 पैकी 249 गुण, म्हणून 83. पण अट एकूण गुणांची होती आणि स्क्रीनशॉटवर एकूण दिसत होते 600 पैकी 458, म्हणजे 76.33 टक्के. ती पात्र होतीच, तरीही पत्रातला आकडा कागदावर न सापडल्यामुळे शंका आली असती.

उत्पन्नातही तसंच. तिचा दाखला तीन वर्षांचा होता: 2022-23 चे 1,32,000, 2023-24 चे 1,44,000 आणि 2024-25 चे 1,80,000. तिने सरासरी काढून 1,52,000 लिहिलं. ट्रस्टने मागच्या वर्षाचं उत्पन्न विचारलं होतं, म्हणजे 1,80,000.

शिवाय दाखला वडिलांच्या नावाचा होता आणि गुणपत्रिका तिच्या नावाची. दोन्ही कागदांचा संबंध सांगणारं वाक्य पत्रात नव्हतं. शेवटी पत्राचा मुख्य भाग असा झाला:

"महोदय, मी बारावी विज्ञान शाखेची परीक्षा फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये उत्तीर्ण झाले आहे. मला 600 पैकी 458 गुण (76.33 टक्के) आहेत. बैठक क्रमांक ______ (जोडपत्र 1, एकूण गुणांची ओळ). माझ्या वडिलांच्या नावे असलेल्या दाखल्यानुसार 2024-25 या वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न 1,80,000 रुपये आहे. बारकोड क्रमांक ______, दाखला 31 मार्च 2026 पर्यंत वैध (जोडपत्र 2, तिसरी ओळ). जोडपत्र 1 हा ऑनलाइन निकालाचा स्क्रीनशॉट आहे. मूळ गुणपत्रिका मिळताच सादर करेन."

यात प्रत्येक आकड्यापुढे तो कुठे बघायचा हे लिहिलंय. आणि स्क्रीनशॉटला स्क्रीनशॉटच म्हटलंय, "मूळ प्रत" नाही.

स्क्रीनशॉट काढताना पूर्ण पान एकदा घ्या आणि नाव, क्रमांक, एकूण गुण असलेला भाग झूम करून पुन्हा एकदा. पूर्ण पान फोनच्या स्क्रीनवर मावतं तेव्हा अक्षरं इतकी बारीक होतात की नंतर मोठं केल्यावर 3 आणि 8 सारखेच दिसतात. तसंच व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर तो आणखी दाबला जातो, म्हणून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा.

फॉर्ममध्ये पीडीएफ चालत असेल तर मात्र दाखल्याचा स्क्रीनशॉट काढूच नका. डाउनलोड केलेली मूळ फाइल जशीच्या तशी जोडा. तिची प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केलीत, तर डिजिटल सही तिथेही गेलीच.